मर्यादा वाचल्याशिवाय निष्कर्ष वाचू नका

‘अमुक औषधाने तमुक आजार बरा होतो, संशोधकांचा दावा’ अशी बातमी वाचली की आपण बातमीखालचे नाव पाहतो, विद्यापीठ कोणते ते पाहतो आणि विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवून टाकतो. मूळ शोधनिबंध उघडण्याची वेळ सहसा येत नाही. आलीच तर बहुतेक जण सुरुवातीचा सारांश वाचून थांबतात. पण निबंधाच्या निष्कर्षावर किती भार टाकता येईल, हे सारांशात क्वचितच कळते. ते कळते शेवटच्या दोन-तीन पानांत, ‘चर्चा’ या भागात आणि त्यातच कुठेतरी येणाऱ्या ‘मर्यादा’ या परिच्छेदात. हा भाग वाचण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. काय शोधायचे हे मात्र ठाऊक असावे लागते. त्यासाठी आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले एक उदाहरण पाहू.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरत असताना फ्रान्समधील मार्सेय शहरातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दिदिए राऊल्त या नामांकित सूक्ष्मजीवतज्ज्ञाच्या गटाचे ते काम होते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरिया आणि संधिवातासाठी वापरले जाणारे जुने, स्वस्त औषध करोना रुग्णांच्या नाकातील विषाणू झपाट्याने नाहीसा करते आणि त्याला अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची जोड दिली तर परिणाम आणखी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बातमी जगभर गेली. औषधाच्या दुकानांत गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि ल्युपस व संधिवाताचे जे रुग्ण वर्षानुवर्षे ही गोळी घेत होते, त्यांची पंचाईत झाली. त्याच महिन्यात आपल्याकडेही करोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी ही गोळी प्रतिबंधक म्हणून घ्यावी, असा सल्ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृती दलाने दिला होता.

या निबंधात मर्यादा लपवलेल्या नव्हत्या. चर्चेच्या भागात लेखकांनी स्पष्ट लिहिले होते की रुग्णसंख्या लहान आहे, पुढे दीर्घकाळ काय झाले याचा पाठपुरावा मर्यादित आहे आणि सहा रुग्ण अभ्यासातून गळाले. त्यानंतर लगेच ‘पण’ आला: पण सध्याची परिस्थिती पाहता हे निष्कर्ष वैज्ञानिक समुदायापर्यंत पोहोचवावेत असे आम्हाला वाटते. बहुतेकांनी ते वाक्य वाचले असेल आणि ‘लेखक प्रामाणिक आहेत’ एवढाच अर्थ घेऊन पुढे गेले असतील. मर्यादा कबूल केली म्हणजे तिचा परिणाम नाहीसा झाला, असे मात्र नसते.

गळालेले सहा जण गेले कुठे?

मर्यादा वाचताना विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे. या उणिवेमुळे निकाल कोणत्या बाजूला झुकतो? औषधाच्या बाजूने, की त्याच्या विरुद्ध? ‘रुग्णसंख्या लहान’ या उणिवेला अशी ठरलेली दिशा नसते. तिच्यामुळे निकाल दोन्हीकडे डळमळतो. ‘रुग्ण गळाले’ या उणिवेला मात्र अनेकदा दिशा असते. ती ओळखण्यासाठी मर्यादांच्या परिच्छेदावरून मागे जाऊन निकालांच्या भागात तेच रुग्ण शोधावे लागतात.

मार्सेयच्या निबंधात औषध सुरू केलेले रुग्ण २६ होते आणि तुलनेसाठी औषध न दिलेले १६. सहाव्या दिवशी नाकातील नमुन्यात विषाणू सापडतो का, हे पाहायचे होते. औषध घेणाऱ्यांपैकी २० जणांचा हिशेब शेवटी मांडला गेला आणि त्यातल्या १४ जणांच्या नमुन्यात विषाणू नव्हता, म्हणजे ७० टक्के. तुलना गटात १६ पैकी फक्त दोघांचा नमुना स्वच्छ होता, म्हणजे साडेबारा टक्के. फरक डोळे दिपवणारा आहे.

आता गळालेले सहा जण पाहू. निबंधातच त्यांची नोंद आहे. तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. एक रुग्ण दगावला. एकाने मळमळ होते म्हणून औषध थांबवले. एक स्वतःहून रुग्णालयातून निघून गेला. म्हणजे सहापैकी चौघांची प्रकृती बिघडली होती किंवा मृत्यू झाला होता आणि पाचव्याला औषध सोसले नव्हते. हे सगळे औषध घेणाऱ्या गटातले होते. तुलना गटातून कोणीच गळाले नाही.

इथे या उणिवेची दिशा उघड होते. ज्यांचे काही बरे झाले नाही, तेच हिशेबातून बाहेर पडले आणि जे टिकले त्यांच्यावरून टक्केवारी काढली गेली. शाळेने नापास होणाऱ्या मुलांना परीक्षेलाच बसवले नाही तर निकाल वाढतो, तसेच हे. गळालेल्या सहाही जणांना ‘यश नाही’ या रकान्यात टाकले तर २६ पैकी १४, म्हणजे सुमारे ५४ टक्के उरतात. आकडा तरीही तुलना गटापेक्षा मोठा आहे. पण आपण विचारायचा प्रश्नच बदलला तर? अतिदक्षता विभागात गेलेले किंवा दगावलेले किती, असे विचारले तर औषध गटात २६ पैकी चार आणि तुलना गटात एकही नाही. यावरून औषधाने अपाय झाला असे सिद्ध होत नाही, कारण इतक्या कमी माणसांवरून तेही म्हणता येत नाही. पण एकाच निबंधातल्या त्याच रुग्णांवरून दोन विरुद्ध चित्रे निघतात, एवढे नक्की दिसते. ‘सहा रुग्ण गळाले’ या तीन शब्दांत हे सगळे दडलेले होते.

यादीत जे नाही ते

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो न लिहिलेल्या गोष्टींविषयी आहे. मर्यादांची यादी लेखकच करतात. त्यामुळे सोप्या, सगळेच लिहितात अशा मर्यादा तिच्यात हमखास सापडतात आणि निष्कर्षाच्या मुळाशी जाणाऱ्या कधी कधी गायब असतात. लहान नमुना, थोडा कालावधी, आणखी अभ्यासाची गरज ही वाक्ये जवळपास कोणत्याही निबंधाला चिकटवता येतात. अशी वाक्ये वाचली की सावध व्हावे आणि याच निबंधाला लागू पडणारी अशी कोणती उणीव आहे, ते स्वतः शोधावे.

मार्सेयच्या यादीत दोन मोठ्या गोष्टी नव्हत्या. पहिली तुलना गटाची. कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे निव्वळ योगायोगाने ठरवले नव्हते. औषध मिळाले ते मार्सेयच्या केंद्रातील रुग्णांना. तुलना गटात होते ते इतर केंद्रांतले रुग्ण आणि ज्यांनी औषध घ्यायला नकार दिला असे रुग्ण. वेगळे शहर, वेगळे रुग्णालय, वेगळी प्रयोगशाळा. त्यातल्या काहींची सहाव्या दिवशीची चाचणी झालेलीही नव्हती. मग दोन गटांतला फरक औषधामुळे पडला की रुग्ण, ठिकाण आणि तपासणी वेगळी असल्यामुळे, हे सांगणार कसे? निबंधाच्या शीर्षकात ‘यादृच्छिक नसलेली चाचणी’ असे शब्द होते, पण त्याचा निष्कर्षावर काय परिणाम होतो हे मर्यादांमध्ये लिहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. आजारी माणसाला हवे असते बरे होणे, घरी जाणे, जिवंत राहणे. निबंधात मोजले गेले ते नाकातील नमुन्यात विषाणू सापडतो का एवढेच. खऱ्या परिणामाऐवजी त्याच्या जागी मोजल्या जाणाऱ्या अशा खुणेला ‘पर्यायी निर्देशक’ म्हणतात. अशी खूण उपयोगी असू शकते, कारण ती लवकर मोजता येते. पण ती आणि खरा परिणाम एकत्र चालतात हे आधी दाखवावे लागते. ते चालत नसल्याचा पुरावा या निबंधातच होता. जो रुग्ण तिसऱ्या दिवशी दगावला, त्याचा आदल्या दिवशीचा नाकाचा नमुना निगेटिव्ह होता. नाक स्वच्छ झाले, माणूस गेला.

चर्चेतली उडी

तिसरा प्रश्न भाषेचा आहे. निकालांच्या भागात लेखक जे मोजले तेच सांगतात. चर्चेत मात्र त्यांना अर्थ लावण्याची मोकळीक असते आणि मोठ्या उड्या तिथेच मारल्या जातात. त्या पकडायची एक सोपी युक्ती आहे. निकालांतले मुख्य वाक्य आणि चर्चेतले शेवटचे वाक्य शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्हींतली क्रियापदे व नामे जुळतात का ते पाहायचे.

मार्सेयच्या निबंधात निकाल होता, सहाव्या दिवशी नाकातील नमुन्यात विषाणू न सापडणाऱ्यांचे प्रमाण जास्त. चर्चेच्या शेवटी शिफारस होती की करोना रुग्णांवर ही दोन औषधे वापरावीत, म्हणजे संसर्ग बरा होईल आणि इतरांना होणारा प्रसारही मर्यादित राहील. ‘नमुन्यात न सापडणे’ याचे ‘बरे होणे’ झाले. ‘प्रसार’ तर अभ्यासात मोजलाच नव्हता. रुग्णांमुळे पुढे कोणाला लागण झाली का, हे कोणी पाहिले नव्हते. आणि दोन्ही औषधे एकत्र मिळालेले रुग्ण किती होते? सहा. त्या सहाही जणांचा सहाव्या दिवशीचा नमुना स्वच्छ होता, म्हणून शंभर टक्के. त्यातल्या एकाच्या नमुन्यात आठव्या दिवशी पुन्हा थोडा विषाणू सापडला, हेही निबंधातच नोंदलेले आहे.

मर्यादा खऱ्या अर्थाने मान्य केल्या की निष्कर्ष आकसतो. तो आकसला नसेल, तर ती कबुली नुसता उपचार असते. मर्यादेनंतर येणाऱ्या ‘पण’ आणि ‘तरीही’ या शब्दांवर बोट ठेवून वाचले की हे चटकन कळते. ‘पण’नंतर त्या उणिवेला उत्तर दिले आहे का? की ती नुसती ओलांडली आहे? इथे साथीच्या परिस्थितीचे कारण दिले होते. ते निबंध लवकर छापण्याचे कारण होऊ शकते. त्यातला दावा खरा असल्याचे नाही.

मोजून बोललेला निष्कर्ष

याच औषधावरचा दुसरा निबंध शेजारी ठेवला की फरक समजतो. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची विभागणी योगायोगाने केली गेली. १५६१ जणांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मिळाले, ३१५५ जणांना नेहमीचे उपचार. मोजले गेले ते २८ दिवसांतले मृत्यू. औषध गटात २७ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात २५ टक्के. हा दोन टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका होता, पण औषधाचा काही लक्षणीय फायदा असता तर एवढ्या मोठ्या संख्येत तो दिसला असता.

या चाचणीतही उणिवा होत्या. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही कोणाला औषध दिले ते माहीत होते, कारण दिसायला सारखी अशी खोटी गोळी वापरली नव्हती. इथे पुन्हा पहिला प्रश्न विचारायचा: ही उणीव निकाल कुठे झुकवेल? ‘बरे वाटते का’ असे विचारले असते तर ती फार महत्त्वाची ठरली असती. मृत्यूची नोंद मात्र कोणाच्या समजुतीने बदलत नाही. म्हणजे तीच उणीव एका अभ्यासात निकाल बिघडवते आणि दुसऱ्यात फारशी अडचण करत नाही.

त्याहून लक्षणीय होते ते चर्चेतले एक वाक्य. रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी हे औषध परिणामकारक नाही, असे सांगून लेखकांनी लगेच स्पष्ट केले की प्रतिबंधासाठी किंवा घरीच उपचार घेणाऱ्या सौम्य रुग्णांसाठी त्याचा उपयोग आहे की नाही, याचे उत्तर या निकालातून मिळत नाही. मर्यादा अशी लिहिलेली असली की ती कामाची होते. निष्कर्ष कुठे थांबतो याची ती हद्द आखून देते. ‘रिकव्हरी’चा निकाल आल्यावर ‘हे औषध प्रतिबंधालाही निरुपयोगी ठरले’ असे म्हणणाऱ्याने मूळ निबंधाच्या हद्दीपलीकडे पाऊल टाकले होते.

प्रतिबंधाचा प्रश्न मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळ्या चाचणीत तपासला. करोना रुग्णाच्या जवळून संपर्कात आलेल्या ८२१ प्रौढांपैकी काहींना औषध आणि काहींना खोटी गोळी पाठवली गेली. औषध घेणाऱ्यांत ११.८ टक्के, तर खोटी गोळी घेणाऱ्यांत १४.३ टक्के लोकांना करोना झाला असे धरले गेले; हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येत नव्हता. इथली मुख्य मर्यादा अशी की त्या वेळी अमेरिकेत चाचण्यांचा तुटवडा होता आणि बहुतेकांचा आजार लक्षणांवरूनच ठरवला गेला. तिची दिशा मार्सेयच्या उलट आहे. साध्या सर्दी-तापाचे काही जण दोन्ही गटांत करोनाचे म्हणून मोजले गेले असतील, तर औषधाचा थोडाफार फायदा असल्यास तो झाकला जाईल. म्हणून या निबंधावरून ‘मोठा फायदा दिसला नाही’ असे म्हणता येते, ‘तिळमात्र फायदा नाही हे सिद्ध झाले’ असे नाही. लेखकांनीही निष्कर्षात नुसते ‘करोना’ न लिहिता ‘करोनाशी मिळताजुळता आजार’ असे शब्द वापरले होते. मर्यादेने निष्कर्षाची भाषा बदलली, ती अशी.

या वाचनालाही हद्द आहे

एवढे वाचता आले की सगळे कळते, असे मात्र नाही. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात याच औषधाबद्दल ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला निबंध आला. औषधामुळे मृत्यू वाढतात असे त्यात दिसत होते. त्यातला मर्यादांचा भाग नीटनेटका होता. हा केवळ निरीक्षणावर आधारलेला अभ्यास असून ठाम निष्कर्षासाठी योगायोगाने विभागणी केलेल्या चाचण्या हव्यात, असेही त्यात म्हटले होते. पण ज्या खासगी कंपनीकडून नोंदी आल्या होत्या, तिने त्या तपासायला देण्यास नकार दिला आणि दोन आठवड्यांत निबंध मागे घ्यावा लागला. माहितीच खरी नसेल तर मर्यादांचा परिच्छेद ते सांगू शकत नाही. त्यासाठी इतरांनी ती तपासावी लागते आणि प्रयोग पुन्हा करून पाहावा लागतो. मार्सेयचा निबंधही डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी, मागे घेण्यात आला. त्यामागे संशोधनाच्या पद्धतीबरोबरच रुग्णांची संमती आणि नैतिक परवानगी यांविषयीचे आक्षेपही होते आणि ते मर्यादांच्या यादीत कधीच दिसले नसते.

मात्र मार्सेयचा निबंध वाचायला पाच वर्षे थांबण्याची गरज नव्हती. २६ चे २० कसे झाले, तुलना गट कुठला होता, मोजले काय आणि शिफारस कशाची केली, हे पहिल्या दिवसापासून त्यातच छापलेले होते. पुढच्या वेळी एखादा शोधनिबंध हाती आला तर सारांशातले शेवटचे वाक्य वाचा आणि थेट मर्यादांवर जा. त्यातली प्रत्येक उणीव निकालाला कोणत्या बाजूला ढकलते ते पाहा. सुरुवातीला किती जण होते आणि शेवटी कितींचा हिशेब लागला, ते मोजा. मग चर्चेतले शेवटचे वाक्य निकालाशेजारी ठेवा. दोन्हींत अंतर जितके जास्त, तितका विश्वास कमी ठेवा. आणि डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी एखाद्या निबंधावरून बंद किंवा सुरू करण्याआधी तो निबंधच त्यांच्यापुढे ठेवा.